डिपॉझिट परतीचं कलम सोप्या मराठीत लिहायचंय, पण ढिलं नको

उंबरा_बदलू

पुण्यात नवीन फ्लॅट घेतोय भाड्याने, लिव्ह अँड लायसन्स, ११ महिने, महिना २६,००० आणि डिपॉझिट ८०,०००. एजंटने ड्राफ्ट पाठवलाय मराठीत कारण मालक काका म्हणाले मराठीतच हवा. आता गंमत अशी की डिपॉझिटचं कलम मी चारदा वाचलं आणि काकांनीही वाचलं आणि दोघांनाही कळेना नक्की काय लिहिलंय. काका म्हणाले तुम्हीच सोप्या भाषेत लिहून आणा, मला पटलं तर सही करतो. मूळ कलम असं आहे (बघा एकाच वाक्यात आहे सगळं):

"लायसेन्सी यांनी लायसेन्सर यांचेकडे सदरहू मिळकतीपोटी रक्कम रुपये ८०,०००/- इतकी बिनव्याजी अनामत ठेवलेली असून, करारनाम्याची मुदत संपुष्टात आलेनंतर अगर तत्पूर्वी करारनामा रद्द झालेस, लायसेन्सी यांनी सदरहू मिळकतीचा खुला, शांततामय व निर्वेध कब्जा मूळ स्थितीत लायसेन्सर यांचे ताब्यात दिलेनंतर, येणे असलेली लायसन्स फी, वीज बिल, सोसायटी आकार, मिळकतीस पोहोचलेल्या तोशिसीची भरपाई व इतर अनुषंगिक खर्च लायसेन्सर यांचे समाधान होईल त्याप्रमाणे वजावट करून उर्वरित रक्कम योग्य मुदतीत लायसेन्सी यांना परत करणेची जबाबदारी लायसेन्सर यांचेवर राहील व त्याबाबत लायसेन्सी यांना कोणतीही तक्रार अगर हरकत करता येणार नाही."

मी असं केलं: "घर सोडल्यावर मालक थकलेलं भाडं आणि बिलं कापून डिपॉझिट लगेच परत देतील. घर चांगल्या अवस्थेत असायला हवं."

बायको म्हणते हे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजसारखं झालंय, करार वाटत नाही. काय करू?

झेंडूचा_हार

मालक डिपॉझिट देत नसेल तर आधी लेखी नोटीस पाठव रजिस्टर्ड पोस्टाने, पावती जपून ठेव. माझ्या भावाचे पन्नास हजार अडकले होते, पोलीस म्हणाले हे दिवाणी आहे आम्ही काही करू शकत नाही.

उंबरा_बदलू

अहो अडकलं नाहीये अजून, राहायलाही गेलो नाही 😄 आत्ता फक्त कलम लिहितोय.

झेंडूचा_हार

अरे हो का, मग चांगलंय. पण नोटिशीचं लक्षात ठेव.

दस्तवाला

बायको बरोबर बोलतेय पण कारण वेगळं आहे. तुमचं वाक्य सोपं आहे म्हणून करार वाटत नाही असं नाही, त्यात उत्तरं नाहीत म्हणून वाटत नाही. गेली बरीच वर्षं हेच दस्त लिहून नोंदवून देतोय, सांगतो. ते मूळ कलम दिसायला एक वाक्य आहे पण आत पाच वेगवेगळे प्रश्न कोंबलेत: पैसे किती, परत द्यायचं घड्याळ कोणत्या क्षणी चालू होतं, कशाकशाचे पैसे कापता येतात, ती रक्कम कोण ठरवतं, आणि दिले नाहीत तर काय. अवघड शब्दांमुळे मूळ कलमात यातली तीन उत्तरं गायब आहेत हे दिसत नाही एवढंच. तुम्ही अवघड शब्द काढले तर भोकं उघडी पडली. "योग्य मुदतीत" आणि तुमचं "लगेच" यात काडीचा फरक नाही, दोन्हीत तारीख नाही.

"घर सोडल्यावर" चं पण तेच. सामान हलवलं तो दिवस की करार संपला तो दिवस की किल्ल्या दिल्या तो? तुम्ही २५ ला सामान नेलं, किल्ल्या ३१ ला दिल्या, तर घर सोडलं कधी? "खुला, शांततामय व निर्वेध कब्जा" याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की तुमची माणसं आणि सामान बाहेर, दुसऱ्या कोणाला आत बसवलेलं नाही, आणि सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात. मग तेच लिहा ना. त्याला तारीख असते, साक्षीदार असतो, फोटो काढता येतो.

कोकणकडा७

एक महत्त्वाचं सांगतो, करारात "भाडं", "भाडेकरू", "मालक" हे शब्द चुकूनही वापरू नका. तो लायसन्सचा करार आहे, भाडं लिहिलं की तुम्ही भाडेकरू झालात आणि मग तुम्हाला सहजासहजी काढता येत नाही, मालक सही करणारच नाही.

दस्तवाला

अर्धं बरोबर. नुसत्या एका शब्दाने लायसन्सचं भाडेपट्टा होत नाही, कोर्टं पूर्वीपासून दस्ताचं नाव न बघता व्यवहार खरा कसा आहे ते बघतात. सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर मध्ये हे सांगितलंय. पण सल्ला म्हणून तुमचं म्हणणं पाळावं, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ लायसन्सवर दिलेल्या राहत्या घरासाठी आहे आणि तिथे लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरतात. म्हणजे घर रिकामं करून घ्यायची अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्यासमोर "आमचं तोंडी असं ठरलं होतं" याला फार जागा उरत नाही. म्हणून लायसेन्सर, लायसेन्सी, लायसन्स फी हे तीन शब्द तसेच ठेवा, करारभर एकाच अर्थाने ठेवा. बाकीचं सदरहू, अगर, झालेस, करणेची सगळं फेकून दिलं तरी कायद्याचं काही बिघडत नाही. सोपं लिहिणं म्हणजे प्रत्येक शब्द बदलणं नाही, ज्या शब्दावर कायदा उभा आहे तो सोडून बाकीचे बदलणं.

बंगळुरूचा_मराठी

आमच्याकडे बघा, इथे सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगचं म्हणून सरळ कापतात, रीतच आहे, करारात लिहिलेलं असतं. मी वाद घातला की भिंती तर चकाचक आहेत, मालक म्हणाला सही केलीस ना. तेव्हा तुझ्या त्या "इतर अनुषंगिक खर्च" मध्ये पेंटिंग बसतं का ते बघ आधी.

दस्तवाला

बसतं, आणि आरामात बसतं. पेंटिंग बसतं, डीप क्लीनिंग बसतं, नवीन लायसेन्सी आणायची एजंटची दलालीसुद्धा कोणी बसवेल. त्यावर "लायसेन्सर यांचे समाधान होईल त्याप्रमाणे" आणि शेवटी "तक्रार करता येणार नाही". तीन तुकडे एकत्र वाचा म्हणजे कळेल की ८०,००० मधून किती कापायचं ते पूर्ण एका बाजूच्या मर्जीवर आहे.

दुसरा सापळा "मूळ स्थितीत". मूळ स्थितीत म्हणजे अकरा महिने माणूस राहिलाच नाही अशा स्थितीत. घर वापरलं की रंग फिका होणार, नळाचा वॉशर जाणार. म्हणून "रोजच्या वापराने होणारी झीज सोडून" हे शब्द पाहिजेतच, ते मूळ कलमात नाहीत आणि उंबरा_बदलू तुमच्या सोप्या कलमातही नाहीत. तुमच्या "चांगल्या अवस्थेत" वर तर दोन माणसं कधीच एकमत होणार नाहीत.

वाडा_ताई

मी मालकीण आहे, दोन फ्लॅट दिलेत, माझी बाजू ऐका. हे सगळं लायसेन्सीच्या सोयीचं चाललंय. किल्ल्या घेतल्या की लगेच सगळे पैसे द्या म्हणता, पण शेवटचं वीज बिल तेव्हा आलेलं नसतं, ते नंतर येतं आणि मीटर माझ्या नावावर, मग भरायचं मी. मागच्या वेळी माणूस गेल्यावर कळलं कपाटामागची टाइल फुटलीय. "फक्त एवढंच कापता येईल" अशी यादी करून टाकली तर जे यादीत नाही त्याचं मी काय करू?

उंबरा_बदलू

ताई हे बरोबर आहे तुमचं, काकापण हेच म्हणतील. मग बिलासाठी थोडे पैसे मागे ठेवायचे असं लिहिलं तर?

दस्तवाला

तसंच करतात. पण "थोडे" नको, आकडा लिहा. वीज बिलापोटी जास्तीत जास्त ५,००० मागे ठेवता येतील, बिल आलं की ते वजा करून उरलेले ७ दिवसांत द्यायचे. आणि ताई, टाइलचं उत्तर यादी मोठी करणं नाही, किल्ल्या घेताना दोघांनी मिळून घर बघणं हे आहे. राहायला जाताना सामानाची आणि घराच्या स्थितीची यादी, फोटोंसह, करारासोबत जोडायची, दोघांच्या सह्या. जाताना तीच यादी हातात घेऊन फिरायचं, कपाटं सरकवून. यादीत "टाइल अखंड" लिहिलेलं असेल आणि आता फुटलेली दिसली तर वाद कशाचा? यादी नसेल तर तुम्ही कितीही सुंदर कलम लिहा, ती टाइल आधीच फुटली होती असं तो म्हणणार.

यादी बंदिस्तच हवी. "वगैरे", "इतर", "इत्यादी" हे शब्द पैसे कापायच्या यादीत आले की यादी असून नसल्यासारखी.

कोकणकडा७

मग एक सोपी युक्ती लिहा की डिपॉझिट मिळेपर्यंत लायसेन्सी फुकट राहील. माझ्या एका मित्राच्या करारात होतं हे. मालक बरोबर पैसे देतो.

दस्तवाला

हे मी लिहीत नाही. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की लायसेन्सीने ताबा द्यायचा, नाही दिला आणि सक्षम प्राधिकाऱ्याने बाहेर काढेपर्यंत राहिला तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसान भरपाई. इथे २६,००० चे ५२,००० महिना. प्राधिकारी मुख्यतः बघणार मुदत संपली का. तुमचं डिपॉझिट त्याच्या पुढ्यात नाही. म्हणजे ८०,००० अडकले म्हणून दोन महिने बसून राहिलात तर १,०४,००० चा बोजा स्वतःच्या डोक्यावर घ्यायची तयारी ठेवा.

कोकणकडा७

पण करारातच लिहिलं असेल की राहू शकतो, तर मुदत संपली असं कसं? तुम्हीच म्हणालात लेखी करार निर्णायक पुरावा.

दस्तवाला

मुद्दा चांगला आहे आणि कोणी वकील तो लढवेलही. पण लढवावा लागेल हेच तर आपल्याला नको होतं. एकाच करारात "मुदत अमुक तारखेला संपेल" आणि "पैसे मिळेपर्यंत राहता येईल" अशी दोन वाक्यं ठेवून तुम्ही स्वतः गोंधळ पेरताय. त्यापेक्षा किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी, एकाच टेबलावर. लायसेन्सी किल्ल्या ठेवतो, लायसेन्सर मोबाइलवरून ट्रान्सफर करतो.

कोकणकडा७

आणि त्याने तिथे केलंच नाही तर? टेबलावरून किल्ल्या उचलून परत आत जाऊ? मला अजूनही वाटतं हातात काहीतरी पाहिजे.

वाडा_ताई

असं लिहिलेल्या करारावर मी तरी सही करणार नाही.

नियम_नियमिता

कंपनीत करार वाचायचं काम करते पण घरभाड्याचे नाही, तेव्हा दस्तवाला चुकलं तर सांगा. पैसे उशिरा दिले तर व्याज लिहा. इंटरनेटवर "दिवसाला १,००० दंड" असं सापडतं ते नको, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. समजा ४०,००० अडकले, तर दिवसाला १,००० वाजवी आहे असं कोणाला पटेल? महिना दीड टक्का लिहिलं तर ४०,००० वर महिन्याला ६०० होतात, मागायलाही लाज वाटत नाही आणि टिकायची शक्यता जास्त.

अजून एक, प्रत्येक वाक्यात करणारा कोण ते लिहा. "रक्कम परत करण्यात येईल" हे वाक्य लायसेन्सर दोघं असतील, नवरा-बायको म्हणा, तर भांडणाचं मूळ. कोण परत करणार?

दस्तवाला

कलम ७४ चं बरोबर आहे. दीड टक्का ठीक, काही मालक एकाच्या वर जात नाहीत, ते बोलून ठरवा.

उंबरा_बदलू

बरं, दुसरा प्रयत्न. रात्री बसून लिहिलाय, फाडा.

"लायसेन्सी यांनी लायसेन्सर यांच्याकडे ८०,००० रुपये डिपॉझिट ठेवले आहे. मुदत चालू असताना त्यावर व्याज नाही.

लायसेन्सी यांनी आपले सामान काढून घराच्या सर्व किल्ल्या लायसेन्सर यांना दिल्या, त्या दिवसाला या कलमात 'किल्ल्यांचा दिवस' म्हटले आहे. त्या दिवशी दोघे मिळून परिशिष्टातील यादीप्रमाणे घर तपासतील.

लायसेन्सर डिपॉझिटमधून फक्त पुढील रकमा कापू शकतात: किल्ल्यांच्या दिवसापर्यंतची थकलेली लायसन्स फी, लायसेन्सी यांनी भरायचे पण न भरलेले वीज बिल, आणि यादीतील वस्तू किंवा घराचा भाग लायसेन्सी यांच्याकडून तुटला असल्यास दुरुस्तीचा खर्च, बिल दाखवून. रोजच्या वापराने होणारी झीज, जसे रंग फिका होणे, यासाठी काहीही कापता येणार नाही.

शेवटच्या वीज बिलासाठी लायसेन्सर जास्तीत जास्त ५,००० रुपये मागे ठेवू शकतात. बिल आल्यापासून ७ दिवसांत ते बिल वजा करून उरलेली रक्कम देतील. बाकीचे सर्व डिपॉझिट लायसेन्सर किल्ल्यांच्या दिवशीच लायसेन्सी यांच्या बँक खात्यात भरतील. उशीर झाल्यास राहिलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज देतील."

दस्तवाला

पहिल्यापेक्षा दहापट बरं. आता आकडे घालून चालवून बघतो, कलम खरं कळतं ते हिशोब केल्यावर. समजा महिन्याच्या १० तारखेला किल्ल्या दिल्या, त्या महिन्याची फी दिलेली नाही, जाळीच्या दरवाजाचं बिजागर तुटलं त्याचं बिल २,२००.

दहा दिवसांची फी किती? तुमच्या कलमात नाहीच. २६,००० भागिले ३० गुणिले १० म्हणजे ८,६६७, की भागिले ३१? लिहून टाका. ३० धरला तर किल्ल्यांच्या दिवशी ८०,००० वजा ८,६६७ वजा २,२०० वजा मागे ठेवलेले ५,००० म्हणजे ६४,१३३ खात्यात. पुढे बिल १,७४० आलं, तर ३,२६० अजून. हातात एकूण ६७,३९३. आता हेच मूळ कलमावर चालवून बघा, पहिल्याच पायरीला अडता.

वाडा_ताई

पण दुरुस्तीचं बिल त्याच दिवशी कुठून आणू मी? सुतार आठवड्याने येतो.

दस्तवाला

हा मुद्दा माझ्याकडून निसटला होता, खरा आहे. मग असं: बिल तयार नसेल तर दोघांनी तिथेच अंदाज ठरवून लिहायचा, तेवढेच मागे, बिल १५ दिवसांत दाखवायचं, नाही दाखवलं तर ती रक्कमही परत.

नियम_नियमिता

आणि दोघांचा अंदाज जुळला नाही तर?

दस्तवाला

तिथे कलम संपतं बाई 😀 सोसायटीच्या सेक्रेटरीने ठरवायचं असं काहीजण लिहितात, मला ते आवडत नाही, तो बिचारा कशाला अडकेल आणि त्याच्या शब्दाला कायद्यात काय वजन. दोन ठिकाणचे अंदाज घ्यायचे आणि कमीचा धरायचा, एवढं लिहा. त्याने सगळं सुटेल असं म्हणत नाही.

कोकणकडा७

३० ने भागायचं तर ३१ दिवसांच्या महिन्यात पूर्ण महिना राहिलो की जास्त फी लागणार का?

दस्तवाला

म्हणूनच "पूर्ण महिन्याला पूर्ण फी, अर्धवट महिन्याला दिवसांप्रमाणे, महिना ३० दिवसांचा धरून". आणि "७ दिवसांत" मोजताना बिल आलं तो दिवस धरायचा नाही हेही लिहा, चार शब्द लागतात.

उंबरा_बदलू

केलं. आता नवीन भानगड. एजंट म्हणतो ऑनलाइन नोंदणीत डिपॉझिटचं वाक्य आधीपासूनच असतं, तुमचं कशाला घालू, फार तर शेवटी जादा अटीत टाकतो.

दस्तवाला

जादा अटीत टाकू द्या, हरकत नाही, पण मग करारात डिपॉझिटची दोन वाक्यं होतील. तुमच्याच्या शेवटी एक ओळ: "डिपॉझिट परतीबाबत या करारात इतरत्र वेगळे काही लिहिले असल्यास हे कलम लागू होईल." आणि अंगठा आणि फोटो द्यायच्या आधी पूर्ण दस्ताची पीडीएफ मागा, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ड्राफ्ट नाही, जी नोंदणीला जाणार तीच. काकांनाही वाचायला द्या. एकदा नोंदला की कलम बदलायचं म्हणजे दोघांनी पुन्हा नवा दस्त करून नोंदवायचा.

अजून एक, एजंट पेंटिंगपोटी १०,००० ना-परतीचे असं सुचवत असेल तर नाही म्हणा. मुद्रांकात फरक क्षुल्लक पडतो, ना-परतीची रक्कम पूर्ण धरून पाव टक्का म्हणजे २५ रुपये, पण डिपॉझिट तिथेच ७०,००० झालं.

बंगळुरूचा_मराठी

हे मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर 😩

उंबरा_बदलू

काकांना वाचून दाखवलं. व्याज सोडून सगळं मान्य, म्हणतात "मी उशीर करणारच नाही तर व्याज कशाला लिहायचं". मी म्हटलं उशीर करणार नसाल तर लिहिलेलं असलं तरी काय बिघडतं. त्यावर हसले, पण अजून हो म्हणाले नाहीत. शनिवारी परत बोलू म्हणालेत, एक टक्क्यावर येतील असं वाटतंय.

वाडा_ताई

एक टक्क्यावर मी पण आले असते. ते परिशिष्टातल्या यादीचं टाका ना इथे, मला माझ्या दुसऱ्या फ्लॅटला हवंय.